पूर्ण व अंतिम हिशोब (फुल अँड फायनल)

नोकरी सुटताना कंपनी आणि कर्मचारी यांच्यात एकमेकांचे जे काही देणे-घेणे उरते, ते एकदाच मांडून मिटवण्याच्या हिशोबाला भारतात पूर्ण व अंतिम हिशोब किंवा बोलीभाषेत 'फुल अँड फायनल' म्हणतात. त्यात शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, देय बोनस वा इन्सेंटिव्ह आणि मंजूर खर्चाची भरपाई धरायची असते. नोटीस पिरियडची कमतरता, उचल, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि टीडीएस वजा होतात.

हिशोब चुकतो तो बहुधा दरात. प्रत्येक रकमेचा पाया वेगळा असतो आणि भागायचे दिवसही वेगळे. पुण्यातल्या एका काल्पनिक कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. महिन्याचा पगार ६०,००० रुपये, त्यात मूळ वेतन ३०,००० आणि महागाई भत्ता नाही. रुजू १ जुलै २०१९, शेवटचा दिवस १५ जानेवारी २०२६. नोटीस ६० दिवसांची, भरले ४५ दिवस. शिल्लक रजा १८ दिवस.

जानेवारीचा पगार एकूण पगारावर, महिन्याच्या ३१ दिवसांनी काढला: १५ दिवसांचे २९,०३२ रुपये. रजेचे पैसे या कंपनीच्या नियमाप्रमाणे मूळ वेतनाला २६ ने भागून निघतात, म्हणजे २०,७६९. दुसरी एखादी कंपनी एकूण पगाराला ३० ने भागते. तिथे याच १८ दिवसांचे ३६,००० झाले असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठते, तेव्हा शिल्लक रजेचा आकडा राजीनामा देण्याआधीच पोर्टलवरून उतरवून ठेवावा. लॉगिन बंद झाल्यावर तो मिळवणे अवघड जाते.

ग्रॅच्युइटीचे सूत्र ठरलेले आहे: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × सेवेची वर्षे. पाच वर्षे सलग सेवा झाली की ती लागू होते आणि कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. इथे सेवा सहा वर्षे साडेसहा महिने, म्हणून सात वर्षे आणि रक्कम १,२१,१५४. हाच माणूस २० डिसेंबरला बाहेर पडला असता तर सहाच वर्षे धरली गेली असती आणि १७,३०८ रुपये कमी मिळाले असते. शेवटचा दिवस ठरवताना हे गणित आधी करावे.

वजावटीत नोटीसचे उरलेले १५ दिवस येतात. नियुक्तिपत्रात वसुली मूळ वेतनावर लिहिली असेल तर १५,०००, एकूण पगारावर असेल तर ३०,०००. आपल्या उदाहरणात मूळ वेतनावर आहे. पंधरा दिवसांच्या मूळ वेतनावर पीएफ १,७४२ आणि व्यवसाय कर २००. सगळे मिळून हाती १,५४,०१३ रुपये, त्यातून पगार आणि रजेच्या पैशांवर लागू असेल तो टीडीएस. ग्रॅच्युइटी कायद्याच्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे.

अनेक कंपन्या सगळ्या रकमा एकत्र करून त्यातूनच वसुली कापतात, आणि हे चूक आहे. नोटीस कमी भरली किंवा लॅपटॉप परत केला नाही, म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. कर्मचाऱ्याच्या हेतुपुरस्सर कृत्यामुळे वा निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले आणि त्याच कारणावरून त्याला काढले, तर झालेल्या नुकसानीपुरती ती कापता येते. हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यावरून काढल्यास त्याहून अधिक. राजीनामा यात बसतच नाही. म्हणून वरची वसुली पगार आणि रजेच्या ४९,८०१ रुपयांतूनच व्हायला हवी.

मुदतीही दोन आहेत. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा असो वा बडतर्फी, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते; ४५ दिवस थांबवण्याची जुनी रीत त्यात बसत नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवस आहेत आणि उशीर झाल्यास व्याज देणे लागते. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला आता एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

हिशोबाच्या कागदावर प्रत्येक रकमेसमोर दिवस, दर आणि पाया लिहिलेला असावा. नुसती एकूण रक्कम दाखवून 'माझे काहीही येणे बाकी नाही' अशा पत्रावर सही मागितली, तर आधी तपशील मागावा. ग्रॅच्युइटी अडकल्यास त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार.

पीएफमध्ये साठलेले पैसे या हिशोबात येत नाहीत. ते ईपीएफओच्या खात्यात राहतात आणि तिथूनच काढायचे किंवा नव्या खात्यात वळवायचे. त्यासाठी नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर नोंदलेली लागते. कंपनीने ती नोंदली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः नोंदवू शकतो.