डिओच्या डब्यातला गॅस आणि न टिकणारा वास

बॉडी स्प्रे दोन तासांत विरतो आणि ओ द पार्फम हे जास्त सुगंधी तेलाचं अत्तर सहा-सात तास टिकतं, याचं कारण बहुतेक जण ‘स्वस्त वास’ असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं कारण डब्यातल्या गॅसमध्ये आहे, आणि तो गॅस तिथे कसा आला याची गोष्ट अत्तरांपेक्षा डासांशी जास्त जोडलेली आहे.

दाबाखालच्या डब्यातून द्रव फवारण्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोथाइम या अभियंत्याने 1920च्या दशकात मांडली. तिचा खरा उपयोग झाला दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गुडह्यू आणि सुलिव्हन यांनी मलेरियाच्या डासांपासून सैनिकांना वाचवण्यासाठी कीटकनाशकाचा फवारा बनवला. त्यात ढकलणारा गॅस होता सीएफसी: न पेटणारा, बिनवासाचा, निरुपद्रवी वाटणारा. युद्धानंतर रॉबर्ट ॲबप्लानल्पने स्वस्त आणि न गळणारा व्हॉल्व्ह बनवला आणि डबा घराघरात गेला. 1960मध्ये जिलेटने ‘राइट गार्ड’ हा पुरुषांचा एरोसोल डिओडरंट आणला. त्याचं काम काखेतला दुर्गंध रोखणं एवढंच होतं, सुगंध दुय्यम. हे समीकरण उलटं करणाऱ्यांत 1983ला फ्रान्समध्ये आलेला ‘ॲक्स’ ठळक: डबा तोच, पण सुगंध पुढे आणि अंगभर मारायचा. आजचा पुरुषांचा बॉडी स्प्रे बऱ्याच अंशी याच वळणाचा.

मधल्या काळात गॅस बदलला होता. 1974मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की सीएफसी वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर खातो. अमेरिकेने 1978मध्ये एरोसोलमधला त्याचा बहुतेक वापर बंद केला. सीएफसी जगभर हटवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार 1987चा. कंपन्या ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेनकडे वळल्या, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुटुंबाकडे. डब्यावर ज्योतीचं चिन्ह असतं ते यासाठी.

आता टिकण्याचं गणित. घटकांची यादी वाचा: बऱ्याच डब्यांवर सुरुवातीलाच ब्युटेन किंवा त्याचे भाऊबंद, मग अल्कोहोल, आणि ‘पार्फम’ म्हणजे सुगंधी तेल बरंच खाली. समजा वजनाने साठ टक्के गॅस आहे आणि सुगंधी तेल दोन टक्के. दोन सेकंदांच्या फवाऱ्यात दीड ग्रॅम माल बाहेर आला, तर त्यातलं नऊशे मिलिग्रॅम गॅस होऊन उडून जातं आणि तेल उरतं साधारण तीस मिलिग्रॅम. ओ द पार्फमचा एक पंप साधारण ऐंशी मिलिग्रॅमचा, आणि तेल अठरा टक्के धरलं तर चौदा मिलिग्रॅम. म्हणजे दोन पंप आणि दोन सेकंदांचा फवारा यांत तेल जवळपास सारखंच! मग फरक का? एक तर गॅसच्या झोताने थेंब इतके बारीक होतात, की बराच भाग त्वचेवर न बसता खोलीभर पसरतो. उरलेला छाती-काखांवर पातळ पसरतो, तर पंपाचा थेंब मनगटावर किंवा मानेवर एकाच जागी साचतो. आणि बॉडी स्प्रेच्या मिश्रणात सहसा लिंबू, पुदिन्यासारख्या चटकन उडणाऱ्या वासांवर भर असतो, लाकडी-अंबरी, रेंगाळणारे वास कमी. ‘48 तास’ हा दावा वाचताना मात्र सावध राहा. तो बहुधा घाम किंवा दुर्गंधाबद्दल असतो, सुगंधाबद्दल नाही.

गॅस बदलला तरी काळजी संपली नाही. ब्युटेनसारखे हायड्रोकार्बन वरचा ओझोन खात नाहीत, पण सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होण्याला हातभार लावतात. म्हणून कॅलिफोर्नियाने 1989मध्ये डिओडरंटवर मर्यादा घालणारे नियम केले. बंद खोलीत मुद्दाम हुंगला तर ब्युटेनने हृदयाची लय बिघडून मृत्यू होऊ शकतो. अगदी जवळून मारलं तर त्वचा गोठून भाजल्यासारखा व्रण होतो, कारण गॅस उकळताना उष्णता ओढून घेतो. हात-दीड हात अंतर राखलं तर हे टळतं. 2021मध्ये व्हॅलिश्युअर या प्रयोगशाळेला काही बॉडी स्प्रेंमध्ये कॅन्सरकारक बेंझिन सापडलं आणि कंपन्यांनी काही बॅच परत मागवल्या. बेंझिन कोणी घातलं नव्हतं. संशय गॅसवर गेला, कारण तो पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूपासून येतो. मुद्दाम घातलेला घटक नसल्यानेच बेंझिन लेबलवर कधीच दिसत नाही. परत मागवणीची सूचना आली तर डब्याच्या तळाचा बॅच नंबर जुळवून बघणं, एवढंच ग्राहकाच्या हातात असतं.

इतकं असून ब्युटेन सुटत नाही, याला तांत्रिक कारण आहे. तो डब्यात द्रवरूपात असतो. जेवढा बाहेर जातो तेवढा उकळून भरून काढतो, त्यामुळे शेवटच्या फवाऱ्यापर्यंत दाब जवळपास तसाच राहतो. नायट्रोजन किंवा दाबलेली हवा भरली तर डबा रिकामा होताना जोर कमी होत जातो. माल वेगळ्या पिशवीत ठेवून बाहेरून हवेचा दाब देणारे डबे आले आहेत, पण ते महाग पडतात आणि फवारा ओलसर लागतो. गॅस नसलेला पंप स्प्रे सर्वांत सोपा. त्यात सुगंधाला जागा जास्त मिळते, पण तो कोरडा, थंड झोत मिळत नाही, आणि मला वाटतं अनेकांना डिओतून हवा असतो तो नेमका हाच.