प्रतिसादाचा दर आणि काम मिळण्याचा दर: दुरुस्ती नेमकी कोठे करावी?

नव्या ग्राहकांना प्रस्ताव पाठवणारे अनेक लहान व्यावसायिक ‘शंभर प्रस्तावांमागे पाच कामे मिळतात’ एवढाच हिशेब ठेवतात. हा आकडा कमी असला तर दोष प्रस्तावाच्या मजकुरात आहे, असे समजून ते मजकूर पुन्हा लिहायला बसतात. या एका आकड्यात मात्र दोन टप्पे मिसळलेले असतात. पाठवलेल्या प्रस्तावांपैकी किती जणांनी उत्तर दिले, हा प्रतिसादाचा दर होय. उत्तर देणाऱ्यांपैकी कितींनी प्रत्यक्ष काम दिले, हा काम मिळण्याचा दर होय. दुसऱ्या दराचा भागाकार पाठवलेल्या प्रस्तावांनी न करता आलेल्या उत्तरांनी करावा, कारण ज्याने प्रस्ताव उघडूनही पाहिला नाही, त्याच्याशी बोलणेच झालेले नसल्याने त्यातून काही शिकता येत नाही.

जळगावात उत्पादनांचे कॅटलॉग आणि वेबसाइट तयार करणाऱ्या दोघा भागीदारांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यांनी एका तिमाहीत 60 प्रस्ताव पाठवले, 18 उत्तरे आली आणि 3 कामे मिळाली. प्रतिसाद 30 टक्के आणि उत्तरांमागे काम सुमारे 17 टक्के. एवढ्यावरून कोठेच काही फारसे बिघडलेले दिसत नाही. पण यादीचे दोन भाग केले की चित्र बदलते. एमआयडीसीतील चटई कारखानदार आणि डाळमिलवाले यांना ओळखीच्या माध्यमातून व्हॉट्सअ‍ॅपवर 30 प्रस्ताव गेले होते. त्यांतून 15 उत्तरे आली, पण काम एकच मिळाले. रावेर-यावलकडील केळी निर्यातदारांना ईमेलने 30 प्रस्ताव गेले. उत्तरे 3 आली आणि त्यांतून 2 कामे मिळाली.

पहिल्या गटात प्रस्तावाचा मजकूर बदलण्यात अर्थ नाही, कारण निम्मे लोक उत्तर देत आहेत. तेथे बोलणे सुरू झाल्यानंतर काय घडते, हे तपासायला हवे. त्यासाठी हातून गेलेल्या 14 संभाषणांपुढे ते कोणत्या पायरीवर थांबले, याची नोंद करावी: पहिल्या फोननंतर, नमुने पाहिल्यावर की कोटेशन मिळाल्यावर. समजा, 9 संभाषणे कोटेशननंतर थांबली आणि त्या कोटेशनमध्ये छायाचित्रण, मांडणी, छपाई असा तपशील न देता एकच ठोक रक्कम लिहिलेली होती, तर दुरुस्तीची पहिली जागा तीच ठरते. तीच संभाषणे पहिल्या फोनवरच संपली असती, तर दोष बोलण्यात किंवा माणसे निवडण्यात शोधावा लागला असता.

दुसऱ्या गटाचे दुखणे उलट आहे. ज्यांच्याशी बोलणे होते, ते काम देतात. पण बोलणेच क्वचित होते. तेथे ईमेल योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचतो का, तो स्पॅममध्ये जातो का, पहिल्या दोन ओळींत निर्यातदाराच्या गरजेचे काही आहे का, आणि उत्तर न आल्यास आठवड्याने पुन्हा विचारले जाते का, हे पाहावे. येथे कोटेशनमधील दर कमी करणे म्हणजे न बिघडलेल्या जागी हात घालणे होय. गंमत अशी की पाठवलेल्या 30 प्रस्तावांच्या हिशेबाने याच गटाने दुप्पट कामे दिली आहेत, जरी त्याचा प्रतिसाद पाचपट कमी असला तरी. नुसत्या उत्तरांच्या संख्येवर खूश होणारा माणूस नेमका हाच गट सोडून देईल.

अर्थात 3 उत्तरांपैकी 2 कामे म्हणजे 67 टक्के, असा दावा करणे धाडसाचे आहे. एक काम कमी मिळाले असते, तर तोच दर 33 टक्क्यांवर आला असता. एवढ्या थोड्या उत्तरांवरून दिशा सुचते, खात्री होत नाही. त्यामुळे या गटात आधी उत्तरे वाढवावीत आणि मगच काम मिळण्याचा दर वाचावा.

उत्तर कशाला म्हणायचे, हेही आधी ठरवून घ्यावे लागते. आपल्याकडे थेट नकार देण्याऐवजी ‘दिवाळीनंतर पाहू’ असे म्हणण्याची रीत आहे. हे सौजन्य संभाषण म्हणून मोजले, तर प्रतिसाद फुगतो आणि काम मिळण्याचा दर विनाकारण खाली येतो. माझ्या मते किंमत, मुदत किंवा नमुना यांपैकी काहीतरी विचारणारे उत्तरच मोजावे.

दोन्ही दर एकमेकांपासून पूर्ण सुटेही नसतात. ‘पहिला नमुना मोफत’ असे लिहिले की उत्तरे वाढतात, पण त्यांत केवळ मोफत नमुन्यासाठी आलेले लोकही असतात, आणि पुढच्या टप्प्यावर दर घसरतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी: चटई-डाळमिल गटात कोटेशनची मांडणी बदलली असेल, तर पहिला संदेश तोच ठेवून पुढील 15 उत्तरे येईपर्यंत थांबावे. मोजणी करताना प्रत्येक काम ज्या महिन्यात मिळाले त्या महिन्यात न धरता, त्याचा प्रस्ताव ज्या महिन्यात पाठवला त्या महिन्याच्या तुकडीत धरावे. अन्यथा सप्टेंबरचे प्रस्ताव नापास आणि नोव्हेंबरचे उत्तीर्ण दिसतात, प्रत्यक्षात कामे मात्र सप्टेंबरच्याच प्रस्तावांतून आलेली असतात.