प्रबंध-मुद्रितशोधन (बडोदे)

विद्यापीठाला सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याचा प्रबंध, लघुप्रबंध किंवा शोधनिबंध मोबदला घेऊन खाजगीरीत्या तपासून देण्याचे काम. तपासणारा हा विद्यार्थ्याचा मार्गदर्शक नसतो, परीक्षकही नसतो; त्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही. बडोद्यात (वडोदरा) महाराजा सयाजीराव विद्यापीठाभोवतीच्या सयाजीगंज-फतेगंज भागात टंकलेखन, झेरॉक्स आणि बांधणी यांच्या जोडीने हे काम चालते. मराठी प्रबंधांपुरते ते बहुधा निवृत्त शिक्षक आणि भाषेचे पदवीधर घरी बसून करतात. दर पानावर ठरतो.

संज्ञा व उगम : ‘मुद्रितशोधन’ हा शब्द या कामाला नीट बसत नाही. खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याने जुळवलेल्या मजकुराचे कच्चे मुद्रित काढीत. एकजण लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाची व दुसरा मुद्रितावर खुणा करी. काम मूळ प्रतीबरहुकूम चाले. मूळ प्रतीतच चूक दिसली, तर शोधक ती दुरुस्त करीत नसे, समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाकडे पाठवी. त्याचा अधिकार मूळ प्रतीपाशी संपे. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला अशी मूळ प्रतच नसते. संगणकावर आलेला मजकूर हाच पहिला आणि शेवटचा, त्यामुळे ताडून पाहायचे ते विद्यार्थ्याच्या मनात असते. शोधकाने मजकुरात कोठवर हात घालावा, या सीमेचा सगळा वाद या एका फरकातून निघतो.

आजच्या व्यवसायाचा उगम कोठे धरावा, याविषयी दोन मते दिसतात. एक मत तो छापखान्यात शोधते. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत श्रीसयाजीसाहित्यमालेसारख्या मालांतून मराठी आणि गुजराती पुस्तके निघत, आणि अशा प्रकाशनांना शोधक लागतच. दुसरे मत टंकलेखकाकडे बोट दाखवते. कार्बन घालून प्रबंधाच्या प्रती काढणारा टंकलेखक जाता जाता ऱ्हस्व-दीर्घ सुधारी, कधी अडखळणारे वाक्यही सरळ करी, आणि हे त्याने कोणाला विचारून केलेले नसे. व्यवहाराच्या दृष्टीने दुसरे मत अधिक संभवनीय वाटते, कारण आजही विद्यार्थी ‘टाइप करताना जरा बघून घ्या’ असेच म्हणतो. मात्र तत्त्वासाठी बडोद्यातीलच एक तिसरा दाखला अधिक उपयोगी आहे. येथील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि-रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. अशा आवृत्तीत संपादक एक पाठ वर स्वीकारतो आणि इतर हस्तलिखितांतले पाठ खाली तळटीपांत देतो. त्याने काय निवडले आणि काय सोडले, हे वाचकाला पाहता येते. प्रबंध तपासताना प्रत्येक बदल दिसता ठेवण्याची आजची रीत याच शिस्तीला जवळची आहे, छापखान्याच्या शिस्तीला तितकीशी नाही.

भाषिक काम : विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असल्याने बहुतेक प्रबंध इंग्रजीत असतात. मराठी विभागातील व त्याच्याशी संबंधित विषयांचे प्रबंध मराठीत येतात. मराठी शुद्धलेखनाला आधार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा घेतला जातो. त्यांपैकी चौदा नियम १९६२ चे आणि चार १९७२ चे आहेत. त्यांनुसार ‘कवी’, ‘प्रगती’, ‘स्थिती’ असे शेवटी दीर्घ लिहायचे, पण समासात पूर्वपद असेल तर ‘कविसंमेलन’, ‘स्थितिदर्शक’ असे ऱ्हस्व ठेवायचे. गुजराती व हिंदी वाचनावर वाढलेल्या विद्यार्थ्याच्या हातून ‘कवि’, ‘प्रगति’ असे सहज लिहिले जाते, कारण त्या भाषांत तेच शुद्ध असते. ‘मुले वाचत नाही’ हेही वारंवार दिसते. गुजरातीतील ‘नथी’ वचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ‘नाही’ आणि ‘नाहीत’ यांतील भेद कानाला जाणवेनासा होतो. या दुरुस्त्यांबद्दल कोणाचा आक्षेप नसतो.

पहिली खरी अडचण अवतरणांत येते. संस्थानकाळातील पुस्तकात ‘घरांत’, ‘नांव’, ‘करूं’, ‘कवि’ असे छापलेले असते. हाच विद्यार्थ्याचा विषय असेल, तर प्रबंधात अशी शेकडो अवतरणे असतात. शोधकाने संगणकावर एका आज्ञेने ‘कवि’ची ‘कवी’ करून टाकली, तर त्याने विद्यार्थ्याची चूक सुधारली आणि त्याच क्षणी पुराव्यात ढवळाढवळ केली. शिवाय ‘कविसंमेलन’ही बिघडवले. म्हणून जाणता शोधक सरसकट बदल करीत नाही. तो अवतरणे आधी रंगवून बाजूला काढतो आणि त्यांना मूळ पुस्तकाशी ताडण्यापुरताच हात लावतो.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि अर्धा ऱ्य यांची अदलाबदल होते. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ ही दोन्ही वाक्ये शुद्धच आहेत, पण पहिल्यात गुरू येतो आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. शब्दकोश-तपासणी येथे गप्प बसते. बरोबर रूप ठरवायला अर्थ वाचावा लागतो. म्हणजे अगदी शुद्धलेखनाच्या कामातही शोधक अर्थापासून अलिप्त राहू शकत नाही.

सीमा : शोधन, संपादन आणि लेखन यांची सीमा एका नमुन्यावर पाहणे सोयीचे ठरेल. उदाहरण व त्यातील आकडे येथे स्पष्टीकरणासाठी रचले आहेत. बडोद्यातील मराठी कुटुंबांविषयीच्या एका प्रबंधात पुढील वाक्य आहे असे धरू : ‘४८ कुटुंबांपैकी ३१ मध्ये मुले मराठी वाचत नाही व घरात बोलत पण नाही म्हणून वाचन बंद पडल्याने बोली जाते हे सिद्ध होते.’ शेजारच्या तक्त्यात चार ओळी आहेत. वाचतही नाहीत आणि बोलतही नाहीत अशी ३१ कुटुंबे. वाचत नाहीत पण बोलतात अशी ९. वाचतात आणि बोलतात अशी ६. वाचतात पण बोलत नाहीत असे १.

‘नाही’चे ‘नाहीत’ करणे, ‘बोलत पण’चे ‘बोलतही’ करणे, ‘म्हणून’च्या आधी स्वल्पविराम देणे हे शोधन झाले. वाक्याचे दोन तुकडे करून आकडा एकात आणि निष्कर्ष दुसऱ्यात ठेवणे हे संपादन. येथवर विधान विद्यार्थ्याचेच राहते. पण ‘सिद्ध होते’ खोडून ‘या दोहोंत संबंध असावा’ असे लिहिले, की बदललेले वाक्य शोधकाचे होते. ते मूळ वाक्यापेक्षा खरे असेल, तरीही ते त्याचेच. कसोटी अशी लावता येते : बदल करताना शोधकाला संशोधनाविषयी काही ठरवावे लागले का? स्वल्पविरामासाठी लागत नाही. ‘असावा’साठी वाचन आणि बोलणे यांत कारण कोणते व परिणाम कोणता, हे ठरवावे लागते.

तक्त्याची बेरीज ४७ येते, ४८ नाही. ती शोधकाने पकडलीच पाहिजे, पण आकडा स्वतः बदलता कामा नये. समासात तो एवढेच लिहील : ‘बेरीज ४७, एक कुटुंब कोठे?’ आणि निष्कर्षापाशी : ‘तक्त्याची दुसरी ओळ पाहा. या ९ कुटुंबांचे काय?’ हा दुसरा प्रश्नही मार्गदर्शकाच्या अधिकारातला आहे, शोधकाने तो विचारू नये, असे एक कडक मत आहे. जागा दाखवावी आणि उत्तर देऊ नये, ही मधली रीत अधिक व्यवहार्य दिसते. विद्यार्थिनी प्रश्नावल्या पुन्हा काढते. एक अर्धवट भरलेली सापडते, ती वगळून ४७ करते. त्या ९ घरांत आजी किंवा आजोबा एकत्र राहतात, हे तिला घरोघर फिरल्यामुळे आठवते आणि ती नवा परिच्छेद लिहिते. शोधकाने ‘संबंध असावा’ लिहून वाक्य गुळगुळीत केले असते, तर तिला तेथे थांबण्याचे कारणच उरले नसते आणि आजी-आजोबा प्रबंधात आलेच नसते.

शोधकागणिक हात किती वेगळा पडतो, याचे मोजमाप ब्रिटनमध्ये झाले आहे. नायजेल हारवुड यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदव्युत्तर वर्गातील एकच निकृष्ट निबंध १४ शोधकांना दिला. हस्तक्षेपांची संख्या सर्वांत कमी ११३ आणि सर्वांत जास्त ४७२ भरली. काहींनी आशयातही हात घातला, तर काहींनी मूळ चुका तशाच ठेवून नव्या चुका आणल्या.

नियम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा रोख उसन्या मजकुरावर आहे. इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि त्याहून अधिक साम्य असेल तर नोंदणी रद्द होते. प्रबंध आपण स्वतः तयार केला आहे, असे प्रतिज्ञापत्र विद्यार्थी देतो. या टक्क्यांमुळे शोधकांकडे एक नवे काम येऊ लागले : ‘साम्य कमी करून द्या.’ त्यासाठी उसन्या वाक्यातील शब्द फिरवले, तर टक्का उतरतो. पण दुसऱ्याचा विचार संदर्भाविना तसाच राहतो, आणि फिरवलेले वाक्य विद्यार्थ्याचेही नसते. अवतरणचिन्हे घालणे व सुटलेला संदर्भ दाखवणे एवढेच शोधनात बसते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळायची असतात, त्यामुळे पुष्कळदा तेवढ्यानेच टक्का खाली येतो.

सीमा ओलांडली गेल्याची खूण मौखिक परीक्षेत सापडते. एका प्रकरणात ‘नाही-नाहीत’चा घोटाळा शंभर वेळा असतो आणि पुढच्यात एकदाही नसतो, आराखड्यात कोठेही नसलेली संज्ञा निष्कर्षात अचानक अवतरते. परीक्षक त्या संज्ञेचाच अर्थ विचारतो.

श्रेयनिर्देश : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती केवळ भाषासंपादन किंवा मुद्रितशोधन करणाऱ्याला लेखक मानत नाही, त्याचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, असे सांगते. ऑस्ट्रेलियात संपादकांच्या संघटनेने प्रबंधांपुरते नियम २००१ पासून केले आहेत. त्यांनुसार भाषा व सुसंगती यांपलीकडे रचनेत हात घालायचा नसतो, आणि संपादकाचे नाव व त्याने केलेल्या कामाचे स्वरूप प्रबंधात द्यावे लागते. संपादक त्याच विषयाचा जाणकार असेल, तर तेही नमूद करायचे असते. मराठी प्रबंधांच्या ऋणनिर्देशात मात्र शोधक आला तरी ग्रंथपाल, टंकलेखक आणि बांधणीवाला यांच्या ओळीत, ‘ज्यांनी मोलाचे सहकार्य केले’ एवढ्याच शब्दांत येतो.