गच्चीची भिंत की गच्चीची कड? बोर्डाचा करार एकच, पण जागा दोन

जाहिरात एजन्सीवाला येतो, गच्चीवर एक चक्कर मारतो, आठवड्याभरात कराराचा मसुदा पाठवतो आणि त्यात जागेबद्दल जेमतेम एक ओळ असते, "गच्ची व भिंतीवरील जाहिरातीची जागा". मालकालाही वाटतं काय फरक पडतो, बोर्ड लागणार, दर महिन्याला भाडं येणार. पण कोऱ्या भिंतीला चिकटून बसणारा बोर्ड आणि गच्चीच्या कडेवर सांगाडा उभारून लावलेला बोर्ड, हे मालकीच्या आणि जबाबदारीच्या हिशोबानं पार वेगळे आहेत. भिंतीचं भांडण निघतं भिंतीसमोरच्या मोकळ्या हवेवरून, आणि कडेचं निघतं पायाखालच्या स्लॅबवरून.

आधी भिंत घेऊ. भिंत कोरी का आहे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. बहुतेक वेळा ती कोरी असते कारण ती प्लॉटच्या हद्दीवर किंवा हद्दीला अगदी खेटून आहे, म्हणून त्या बाजूला खिडक्या ठेवल्या नाहीत, आणि ती दिसते कारण शेजारचा प्लॉट रिकामा आहे किंवा तिथलं घर बुटकं आहे. म्हणजे भिंत तुमची, पण तिच्यासमोरची हवा शेजाऱ्याची. फ्रेम आणि वरचे दिवे धरून बोर्ड भिंतीपासून 25-30 सेंटीमीटर जरी पुढं आला तरी तो शेजाऱ्याच्या जागेवर लोंबतोय, आणि परांची बांधायला, फ्लेक्स बदलायला, बल्ब उडाला तर तो लावायलाही माणूस त्याच्याच जागेत उभा राहणार. त्यामुळं मोजणीचा नकाशा काढून भिंतीची बाहेरची बाजू हद्दरेषेपासून किती आत आहे ते टेप लावून बघायचं, आणि अंतर कमी असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यायची. तोंडी "लाव की, मला काय" याचा काही उपयोग नाही, तो उद्या प्लॉट विकून मोकळा होईल. दोन घरांमधली सामाईक भिंत असेल तर तिच्यात नुसतं भोक पाडायलाही दुसऱ्या मालकाची सही लागू शकते.

आणि समजा शेजाऱ्यानं तीन वर्षांनी चार मजले चढवले, की तुमचा बोर्ड गेला! इथं मसुद्यातलं एक वाक्य शोधून काढा, "बोर्डाच्या दर्शनी भागास अडथळा येणार नाही याची जबाबदारी मालकाची". हे सरळ खोडायचं. शेजाऱ्याचं बांधकाम तुम्ही थांबवू शकत नाही, मग त्याची हमी तुम्ही कशी देणार? त्याऐवजी असं लिहा की बोर्ड झाकला गेला तर एजन्सी नोटीस देऊन करार संपवू शकते, पण आधीच दिलेलं भाडं आणि बोर्ड उतरवण्याचा खर्च मालकाकडून मागणार नाही.

आता कड. इथं हवेचा वाद फारसा नसतो, कारण बोर्ड आत तुमच्याच स्लॅबवर उभा असतो. पण तो स्लॅब नक्की "तुमचा" आहे का? वरच्या मजल्याचा फ्लॅटवाला म्हणतो गच्ची माझी, खरेदीखतात लिहिलंय. ते वाक्य नीट वाचलं तर बऱ्याचदा "गच्ची वापरण्याचा हक्क" एवढंच सापडतं, आणि वापर म्हणजे कपडे वाळवा, कुंड्या ठेवा, त्यातून तिसऱ्याला भाड्यानं द्यायचा अधिकार आपोआप येत नाही. मंजूर नकाशात गच्ची सामाईक दाखवली असेल तर करार सगळ्या मालकांच्या संस्थेनं करायचा, सभेचा ठराव घेऊन, आणि ठरावात नुसतं "जाहिरातीस परवानगी" नको, बोर्डाचं माप, जागा, मुदत आणि भाडं कुणाच्या खात्यात जाणार हे सगळं हवं. इमारत गहाण असेल तर कर्ज देणाऱ्याचं संमतीपत्रही बघावं लागतं. एका ओळखीच्या इमारतीत वरच्या मजल्यावाल्यानं एकट्यानं सही केली होती, दोन वर्षं भाडं खाल्लं आणि गळती सुरू झाल्यावर बाकीच्यांनी करारच मागितला, मग एजन्सी म्हणाली आम्ही मालकाशी करार केलाय आणि बाकीचे म्हणाले तो मालकच नाही, आणि या सगळ्यात गळती तशीच.

कड वेगळी का, हे वाऱ्याच्या हिशोबातून लगेच दिसतं. 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच बोर्ड धरा, म्हणजे 18 चौरस मीटर. ताशी 144 किलोमीटर वेगाच्या, म्हणजे सेकंदाला 40 मीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण 98 किलो पडतो, पूर्ण बोर्डावर पावणेदोन टन, आणि सपाट फळीसाठीचा गुणक 1.2 धरला की 2.1 टन. बोर्ड गच्चीपासून 1 मीटर वर सुरू होत असेल तर हा धक्का अडीच मीटर उंचीवर बसतो आणि सांगाडा मागं उलथवायला बघतो. पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर असतील तर पुढच्या पायांना वर खेचणारा जोर साडेतीन टन होतो, त्यातून बोर्डाचं वजन, समजा 600 किलो आणि तेही पुढच्याच पायांवर, वजा केलं तरी जवळपास 2.9 टन उरतो. पुढं तीन पाय असले तर प्रत्येकाला सुमारे एक टन वर ओढलं जातंय! हा ढोबळ हिशोब आहे, खरा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच करणार, पण एवढ्यावरूनही कळतं की पाय कठड्याला बांधणं किंवा वॉटरप्रूफिंगच्या थरात बोल्ट ठोकणं म्हणजे काय. कठडा माणूस पडू नये म्हणून असतो, त्याला हा जोर पेलायचा नसतो. पाय खालच्या बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर यायला हवेत.

तोच बोर्ड भिंतीला चिकटलेला असेल तर वाऱ्याला तो उलथवायला जागा नसते, तो त्याला बाहेर खेचतो आणि ती ओढ वीस-पंचवीस अँकरांत वाटली जाते. तिथली भीती वेगळी, अँकर प्लॅस्टरमध्ये किंवा पोकळ विटेत बसला तर तो सुटतो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी दोन-तीन अँकर ओढून बघायला लावा. भिंतीवर नुसतं रंगवणार असतील तर हा भाग सोडून द्या.

करारातही जोर दोन ठिकाणी वेगळा पडतो. कडेच्या करारात ताबा हा शब्द जपून. जागा भाडेपट्ट्यानं ताब्यात दिली की एजन्सी भाडेकरू होऊन बसू शकते, म्हणून फक्त वापराचा परवाना द्या, गच्चीची किल्ली आणि ताबा मालकाकडे, एजन्सीच्या माणसानं कळवून यायचं. शीर्षकात "परवाना" लिहून आत "संपूर्ण ताबा दिला" असेल तर शीर्षकाचा फारसा उपयोग होत नाही. सांगाडा उतरवण्याचं कोटेशन आधीच एका फॅब्रिकेटरकडून घ्या आणि अनामत निदान तेवढी ठेवा, कारण एजन्सी गायब झाली तरी लोखंड तुमच्या डोक्यावर आणि नोटीस येणार इमारतीच्या मालकाला. पालिकेची परवानगी मिळेपर्यंत भाडं नाही, हे एजन्सी मागणारच, द्या, पण 90 दिवसांत नाही मिळाली तर करार रद्द असंही लिहा, नाहीतर जागा फुकट अडकते.

मसुद्यातली ती एक ओळ मोडून भिंतीला एक परिशिष्ट आणि कडेला दुसरं करून घ्या. भिंतीच्यात हद्दीपासूनचं अंतर आणि बोर्ड पुढं किती येणार ते. कडेच्यात पायांच्या जागांचा नकाशा, इंजिनिअरची सही, आणि पाय बसवण्याआधी व नंतर गच्चीत 24 तास पाणी तुंबवून खालच्या छताचे तारखेसह फोटो. एजन्सी म्हणेल एवढं कुणी मागत नाही.