ॲपचा फुगत जाणारा आकार

अँड्रॉइड फोनवर ॲप उतरवताना प्ले स्टोअरमध्ये जो आकार दिसतो, त्याच्या कितीतरी पट मोठा आकडा काही महिन्यांनी सेटिंग्जमध्ये दिसू लागतो. हे दोन आकडे मुळात एकाच गोष्टीचे नसतात. पहिला असतो दाबून लहान केलेल्या, नेटवरून येणाऱ्या फाइलींचा. दुसरा असतो त्या ॲपच्या खात्यावर फोनमध्ये अडलेल्या सगळ्या जागेचा. ॲपच्या ‘स्टोरेज’ पानावर या जागेची फोड तीन ओळींत मिळते: ॲपचा स्वतःचा आकार, यूजर डेटा आणि कॅशे. ॲप फुगले असे वाटले की आधी यातली कोणती ओळ वाढली ते पाहावे, कारण प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

ॲपचा स्वतःचा आकार अपडेट न येताही थोडा वाढू शकतो. 2016 साली आलेल्या अँड्रॉइड 7.0 पासून, फोन चार्जिंगला लावून नुसता पडलेला असताना, ॲपचे नेहमी वापरात येणारे भाग प्रोसेसरला थेट चालवता येतील अशा रूपात तयार करून ठेवले जातात. ही तयार प्रतही ॲपच्याच आकारात धरली जाते. तिच्यामुळे ॲप पटकन उघडते, म्हणून ही वाढ वाया गेलेली नसते.

कॅशे म्हणजे पुन्हा नेटवरून आणता येईल असा माल: एकदा पाहिलेली चित्रे, उघडलेली पाने. जागा कमी पडली की अँड्रॉइड स्वतःहून तो काढून टाकू शकते. तो हाताने साफ केला तरी धोका नाही, पण ॲप वापरात असेल तर काही दिवसांत तो पुन्हा साठतोच.

खरी वाढ बहुतेक वेळा यूजर डेटाची असते, आणि ती समजून घ्यायला व्हॉट्सॲपइतके ओळखीचे उदाहरण नाही. येणारे फोटो-व्हिडिओ `Android/media/com.whatsapp` या फोल्डरमध्ये साठतात आणि अँड्रॉइड तो फोल्डर व्हॉट्सॲपच्याच डेटात मोजते. घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर मिळून रोज 30 चित्रे येतात आणि एक चित्र 200 केबीचे आहे, असे धरू. दिवसाचे 6 एमबी झाले, वर्षाचे 2 जीबीच्या वर. यात व्हिडिओ अजून धरलेच नाहीत.

आपण पाठवलेले व्हिडिओही यात भर घालतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. गॅलरीतला लग्नाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप त्याची लहान केलेली प्रत बनवते आणि ती `Sent` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ व्हिडिओ गॅलरीत असतो तसाच राहतो, म्हणजे एकच व्हिडिओ फोनमध्ये दोनदा.

संदेशांचा मजकूर `msgstore.db` या फाइलीत असतो. ती एसक्यूलाइट या, नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसच्या प्रकारची आहे. एसक्यूलाइटची मूळ रीत अशी की नोंद पुसली की तिची जागा फाइलीतच रिकामी राहते आणि पुढच्या नोंदींना दिली जाते. फाइल लगेच आखडत नाही. वहीतला मजकूर खोडरबराने पुसला म्हणून वहीची पाने कमी होत नाहीत, तसेच हे. जुने चॅट पुसूनही आकडा फारसा हलत नाही, त्यामागे हे एक कारण असू शकते.

शिवाय व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास या फाइलीचा बॅकअप फोनमध्येच घेते आणि मागच्या सात दिवसांपर्यंतचे बॅकअप राखते. एक बॅकअप 150 एमबीचा धरला, तर सात मिळून 1 जीबीच्या वर जातात. गप्पा त्याच, पण फोनमध्ये त्यांच्या अनेक प्रती.

जागा मोकळी करायची तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधले ‘मॅनेज स्टोरेज’ हे पान उघडावे. 5 एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. कोणत्या चॅटने किती जागा अडवली तेही खाली क्रमाने दिसते. बऱ्याचदा एक-दोन ग्रुपांतच मोठा भार सापडतो. त्या ग्रुपांतले व्हिडिओ काढून टाकावेत आणि व्हिडिओंचे ऑटो-डाउनलोड बंद करावे, म्हणजे पुढची वाढही मंदावते.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही बटणे शेजारीशेजारी असतात. काही फोनांत दुसऱ्यावर ‘क्लिअर स्टोरेज’ असे लिहिलेले असते. घाईत दुसरे दाबले जाणे अगदी सहज घडते. त्याने ॲप नव्याने टाकल्यासारखे कोरे होते, नंबरची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि गूगल खात्यावर बॅकअप नसेल तर आई-वडिलांचे जुने संदेशही कायमचे जाऊ शकतात. तो बॅकअप कोणत्या तारखेचा आहे हे व्हॉट्सॲपमध्ये ‘चॅट बॅकअप’ पानावर दिसते. ती तारीख पाहिल्याशिवाय या दुसऱ्या बटणाला हात लावू नये.