'पाच कर' आणि 'पाच आहे का?': एक बरोबर चिन्ह की दोन?

शाळेत गणिताच्या वहीत `x = 5` लिहिलं की ते विधान असतं: x पाच आहे. कोणाला काही करायला सांगितलेलं नसतं आणि काही विचारलेलंही नसतं. सी, जावा, जावास्क्रिप्ट, पायथन या भाषांमध्ये मात्र हे विधान उरतच नाही. त्याच्या जागी दोन वेगळ्या गोष्टी येतात. `x = 5` म्हणजे 'x पाच कर' हा हुकूम, आणि `x == 5` म्हणजे 'x पाच आहे का?' हा प्रश्न. मराठीत शेवटचा 'का' जे काम करतो, तेच इथे दुसरं बरोबर चिन्ह करतं. तो गाळला की वाक्याचा अर्थच पालटतो.

प्रश्नाचं उत्तर फक्त दोन प्रकारचं, खरं किंवा खोटं. `<`, `>=`, `!=` हेही असेच प्रश्न विचारतात. असे प्रश्न 'आणि'ने जोडले तर सगळे खरे असावे लागतात, 'किंवा'ने जोडले तर एक खरा असला तरी भागतं, आणि 'नाही' उत्तर उलटं करतो. सीमध्ये ही तिघं `&&`, `||` आणि `!` अशी लिहितात, पायथनमध्ये सरळ `and`, `or`, `not`.

आता गोंधळाचं मूळ. सीमध्ये हुकुमालाही किंमत असते. `x = 5` लिहिलं की x मध्ये पाच जातात, आणि त्या पूर्ण पदावलीची किंमतही पाचच धरली जाते. त्यामुळे `a = b = 0` असं एका ओळीत लिहिता येतं, जे सोयीचंच आहे. पण सीमध्ये शून्य म्हणजे खोटं आणि शून्य सोडून काहीही खरं. या दोन सोयी एकत्र आल्या की `if`च्या कंसात, म्हणजे प्रश्नाच्या जागी, हुकूम बिनबोभाट बसतो.

```c
int x = 3;
if (x = 5)
    printf("पाच आहे\n");
```

हे चालवलं तर 'पाच आहे' छापून येतं. x तीन होता. `if`ने त्याला विचारलं नाही, पाच करून टाकलं, मग त्या पाचाकडे बघून 'खरं' म्हटलं. `if (x = 0)` लिहिलं असतं तर उलट झालं असतं: x शून्य झाला असता आणि अट कायम खोटी ठरली असती. दोन्हीकडे नुकसान दुहेरी, कारण उत्तर चुकीचं मिळतं आणि x मधली मूळ किंमतही जाते. माझ्या मते दुसरं नुकसान जास्त वाईट. चुकीची शाखा निवडली गेली तर ते लगेच दिसतं. बदललेला x मात्र पन्नास ओळींनंतर भलत्याच ठिकाणी त्रास देतो आणि आपण तिथेच शोधत बसतो.

'आणि', 'किंवा' मध्ये आले की ही चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. `&&`च्या डावीकडचं खोटं ठरलं तर उजवीकडे पाहिलंच जात नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. `||`च्या डावीकडचं खरं ठरलं तरी तसंच. म्हणजे उजवीकडे चुकून हुकूम लिहिला गेला असेल, तर तो काही वेळाच बजावला जातो. दहा वेळा प्रोग्रॅम नीट चालतो, अकराव्या वेळी बिघडतो.

याचा कोणी मुद्दाम फायदा घेतला तर काय होऊ शकतं, हे 2003च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्स कर्नेलच्या बाबतीत दिसलं. कर्नेलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या प्रणालीत ठेवला जात होता आणि त्याची एक प्रत सीव्हीएस या दुसऱ्या प्रणालीत असे. त्या प्रतीत `wait4` या फंक्शनमध्ये कोणीतरी दोन ओळी घुसवल्या:

```c
if ((options == (__WCLONE|__WALL)) && (current->uid = 0))
        retval = -EINVAL;
```

घाईत वाचलं तर ही तपासणी वाटते: हे दोन पर्याय एकत्र दिले असतील आणि मागणारा वापरकर्ता क्रमांक शून्यचा असेल, तर 'चुकीची मागणी' असं उत्तर दे. (`__WCLONE` आणि `__WALL` यांच्यामधला एकेरी `|` बरोबर आहे, तो बिट एकत्र करतो, 'किंवा' म्हणत नाही. डोळ्याला फसवायला हेही मदतीलाच आलं.) आता सावकाश वाचा. कोणी हे दोन पर्याय एकत्र दिले की डावी बाजू खरी होते, म्हणून `&&` उजवीकडे जातो. तिथे प्रश्न नाही, हुकूम आहे: चालू प्रोसेसचा वापरकर्ता क्रमांक शून्य कर. लिनक्समध्ये शून्य म्हणजे रूट, सर्वाधिकारी. हुकुमाची किंमत शून्य, म्हणजे खोटं, म्हणून पूर्ण अट खोटी. खालची ओळ कधीच चालत नाही, त्रुटीही परत येत नाही. मागणारा रूट होऊन शांतपणे पुढे जातो.

कंस बघा. `==` असतं तर `current->uid` भोवती कंसांची गरज नव्हती. `=` मात्र `&&`पेक्षाही सैल बांधतं. कंस काढले तर कंपायलर डावीकडची सगळी पदावली एकत्र धरून तिच्यात शून्य भरायला जातो आणि चूक दाखवून थांबतो. शिवाय जीसीसी या सी कंपायलरला इशारे चालू करणारा `-Wall` पर्याय दिला की तो `if (x = 5)`वर इशारा देतो, पण कंसांची जास्तीची जोडी घातली की 'हे मुद्दाम केलंय' असं समजून गप्प बसतो. म्हणजे त्या एका जोडीने दोन कामं साधली. सीव्हीएसमधल्या या बदलाला बिटकीपरमध्ये जोडीची नोंदच नव्हती, त्यामुळे तो पकडला गेला. मूळ कोडपर्यंत तो पोहोचला नाही.

उलटी चूकही होते, हुकुमाच्या जागी प्रश्न. `x == 5;` अशी स्वतंत्र ओळ लिहिली तर सीमध्ये प्रश्न विचारला जातो, उत्तर कोणी ऐकत नाही आणि x होता तसाच राहतो. `-Wall` दिलेलं असेल तर जीसीसी इथेही टोकतो.

काही जण उपाय म्हणून स्थिर संख्या आधी लिहितात, `if (5 == x)`. इथे एक चिन्ह गळलं तर पाचमध्ये काही भरता येत नाही, म्हणून कंपायलर अडवतो. वाचायला मला ते उलटंच वाटतं, आणि दोन्ही बाजूंना चल असतील तर त्याचा उपयोगही नाही. पायथनने दारच बंद केलं: `if x = 5:` लिहिलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. जावा `if`मध्ये फक्त खरं-खोटं घेते, म्हणून `if (x = 5)`ला तिथे थारा नाही. पण `done` हा `boolean` असेल तर `if (done = true)` जावातही खुशाल कंपाइल होतं आणि अट कायम खरी ठरते. तिथे `== true` लिहूच नये, `if (done)` पुरतं. आणि 'झालं नसेल तर' म्हणायचं असेल तर `if (!done)`.