40 एफपीएसची पायरी कुठून आली

बीजीएमआय म्हणजे फोनवरचा पूर्वीचा पबजी मोबाइल. त्याच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये फ्रेम रेटच्या पायऱ्या एकाखाली एक दिसतात: लो, मीडियम, हाय, अल्ट्रा, एक्स्ट्रीम. नवीन फोनवर त्यापुढेही असतात. यातल्या हायचा अर्थ सेकंदाला 30 फ्रेम, अल्ट्राचा 40 आणि एक्स्ट्रीमचा 60. ठाणे-नवी मुंबईत खेळणारी बहुतेक पोरं फोन झेपवेल ती सगळ्यात वरची पायरी लावतात आणि मे महिन्यात फोन तापला, गेम अडकायला लागला की चिडतात. मधली 40 ची पायरी कोणी हातात धरत नाही. तिला वाईट नाव मिळालं त्याला कारण होतं. मात्र ते कारण आता बऱ्याच फोनांवर उरलेलं नाही.

2018 च्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला तेव्हा आपल्याकडच्या जवळपास सगळ्या फोनांचे स्क्रीन 60 हर्ट्झचे होते, म्हणजे स्क्रीन सेकंदाला 60 वेळा, दर 16.7 मिलिसेकंदांनी, नवं चित्र दाखवायचा. गेम 60 फ्रेम देत असेल तर प्रत्येक वेळी नवी फ्रेम. 30 देत असेल तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. दोन्हीकडे ताल एकसारखा. पण 60 ला 40 ने भाग जात नाही. मग एक फ्रेम एकदा दिसते, पुढची दोनदा, मग पुन्हा एकदा. कॅमेरा हळूहळू फिरवला की डोळ्याला तो हिसका जाणवतो. आकड्यात 40 हे 30 पेक्षा जास्त, तरी पाहायला कधी कधी 30 बरं वाटायचं. तेव्हाच्या मधल्या दर्जाच्या चिपना 60 धड झेपत नव्हतं, म्हणून ही पायरी दिली गेली होती. हेतू चांगलाच होता, पण स्क्रीन तिला साथ देत नव्हता.

दुसरी अडचण फ्रेम वेळेवर पोचवण्याची होती. सरासरी 40 असली तरी एक फ्रेम 20 मिलिसेकंदांत आणि पुढची 30 मध्ये आली, तर खेळ लंगडतो. गूगलने 2019 मध्ये अँड्रॉइडवरच्या गेमसाठी फ्रेम पेसिंगची लायब्ररी आणली ती याच कामासाठी: फ्रेम लवकर तयार झाली तरी ती ठरलेल्या क्षणीच स्क्रीनवर जावी.

याच सुमारास स्क्रीन बदलत होते. 2017 च्या अखेरीस आलेल्या रेझर फोनचा स्क्रीन 120 हर्ट्झचा होता, पण तो आपल्याकडे फारसा कोणाच्या हातात दिसला नाही. 2019 मध्ये वनप्लस 7 प्रो 90 हर्ट्झ घेऊन आला. खरा फरक पडला तो 2020 च्या फेब्रुवारीत, जेव्हा 15,999 रुपयांच्या पोको एक्स2 मध्ये 120 हर्ट्झ मिळालं. गेममधल्या पायऱ्याही या स्क्रीनमागे धावल्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये वनप्लसच्या काही फोनांवर 90 एफपीएस उघडलं, आणि महिनाभरात, 2 सप्टेंबरला, भारतात पबजीवर बंदी आली. 2021 च्या जुलैमध्ये बीजीएमआय म्हणून हाच खेळ परतला, आणि 2024 मध्ये निवडक फोनांवर 120 ची पायरीही मिळाली.

सगळ्यांचं लक्ष 90 आणि 120 कडे गेलं. माझ्या मते मोठी गोष्ट खाली घडली होती. 120 ला 40 ने बरोबर तीनदा भाग जातो. प्रत्येक फ्रेम तीनदा, दर 25 मिलिसेकंदांनी, न चुकता. जी पायरी 60 हर्ट्झवर लंगडत होती ती 120 हर्ट्झवर सरळ चालायला लागली. शिवाय वेळेच्या हिशेबात 25 मिलिसेकंद हा 33.3 आणि 16.7 यांचा अगदी मध्य आहे, म्हणजे 30 वरून 60 वर जाताना फ्रेममागे जितका वेळ वाचतो त्यातला निम्मा 40 वरच वाचतो. प्लेस्टेशन 5 वरच्या एका गेमने 2021 मध्ये 120 हर्ट्झच्या टीव्हींसाठी हाच 40 चा पर्याय दिला, आणि 2022 मध्ये स्टीम डेकने स्क्रीनच 40 हर्ट्झवर आणायची सोय केली. तिथे लोकांनी तो उचलून धरला.

आता उष्णतेकडे येऊ. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटच्या 20 फ्रेम पहिल्या 20 पेक्षा खूप महाग पडतात. फ्रेम रेट 40 वर बांधला आणि फ्रेम 15 मिलिसेकंदांत तयार झाली, तर उरलेले 10 मिलिसेकंद चिप विसावते.

कोपरखैरण्यात मे महिन्यातली दुपार, घरात 34 अंश, एसी नाही, असं धरू. फोन 120 हर्ट्झचा आहे, बॅटरी 5000 एमएएच. फोनमध्ये पंखा नसतो, उष्णता मागच्या पाठीतूनच बाहेर पडते, आणि किती पडते ते पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाठ 43 अंशांच्या आसपास गेली की फोन स्वतःला आवरायला लागतो असं समजा. एसीतल्या 25 अंशांत हा फरक 18 चा असतो. कोपरखैरण्याच्या खोलीत तो 9 राहतो. म्हणजे तोच फोन, तोच गेम, पण उष्णता टाकायची ताकद निम्मी. आपल्याकडच्या दमट हवेचा फोनला वेगळा त्रास नाही, त्याला घाम येत नाही. घामट होतात ती आपली बोटं. वरचा पंखा मात्र खरंच उपयोगी पडतो, आणि जाड कव्हर काढणंही.

अशा खोलीत एचडी ग्राफिक्स आणि 60 लावलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं उत्तम जातात. मग ब्राइटनेस आपोआप उतरतो आणि फ्रेम 60 वरून 45, 50 अशा हेलकावायला लागतात, तेही नेमकं शेवटच्या झोनमध्ये. नेट नीट असताना हे दर मॅचला ठरावीक वेळानेच होत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. ग्राफिक्स स्मूदवर आणि फ्रेम अल्ट्रावर ठेवली तर पाठ सावकाश तापते, आणि अर्ध्या तासाची मॅच बहुतेकदा एकाच तालात निघते. बॅटरीचंही तसंच: 5000 एमएएच म्हणजे साधारण 19 वॅट-तास. एकूण खर्च 5 वॅट असेल तर चार तासांच्या आत संपेल, 3.5 वॅट असेल तर साडेपाच तासांच्या आसपास जाईल.

एक तपासणी आधी करायला हवी. बरेच फोन गेम सुरू झाला की बॅटरी वाचवायला स्क्रीन गुपचूप 60 हर्ट्झवर आणतात, आणि मग 40 पुन्हा लंगडतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Show refresh rate चालू केलं की कोपऱ्यात आकडा दिसतो. मॅचमध्ये तिथे 120 असेल तर अल्ट्रा घ्या. 60 असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमधून त्या गेमसाठी 120 करून पाहा, काही फोनांत तशी सोय असते. तरीही 60 च राहिलं तर तापलेल्या दुपारी 30 वर या आणि एसीत किंवा रात्री 60 वर जा, 40 सोडून द्या. आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीत पॉवर बँक लावून खेळत असाल तर हा हिशेब बदलतो: चार्जिंगची उष्णता त्याच पाठीतून बाहेर पडते, सिग्नल कमकुवत असेल तर मोडेमही जास्त वीज खातो, त्यामुळे तिथे आणखी एक पायरी खालीच ठेवा.